लूत लागलेला कुत्रा: स्क्रेपिंगमध्ये काय दिसले, काय दिसले नाही आणि त्यावरून औषध कसे ठरते

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर दहा महिन्यांचा आहे, वजन 22 किलो. दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवरचे केस गेले, आता पोटाजवळही चट्टे आहेत. खरूज म्हणून दर आठवड्याला एक अशी आयव्हरमेक्टिनची चार इंजेक्शने झाली आणि खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्याही दिल्या. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी त्वचा खरवडून तपासली, म्हणजे स्क्रेपिंग केले, आणि डेमोडेक्स असल्याचे सांगितले. आधीचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही लूतच, औषध एकच. घरात लहान मूल आहे. नेमके काय समजायचे आणि कोणते औषध द्यायचे?

उत्तर:

औषधाचे नाव दोन्ही आजारांत एक असू शकते, पण त्याची मात्रा, ते किती दिवस द्यायचे आणि कोणती खूण पाहून थांबवायचे, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. चार इंजेक्शनांनी फरक का पडला नाही, याचे उत्तर यातच आहे. त्याआधी हे दोन माइट, म्हणजे लूत आणणारे सूक्ष्म किडे, राहतात कोठे, ते पाहावे लागेल, कारण तपासणीची पद्धत आणि उपचार या दोहोंची सुरुवात तेथूनच होते.

डेमोडेक्स केसाच्या मुळाशी असलेल्या पोकळीत, म्हणजे केशकूपात, आणि त्याला लागून असलेल्या तैलग्रंथीत राहतो. तो बाहेरून आलेला पाहुणा नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्ले आईला बिलगून दूध पितात, त्या वेळी तो आईकडून त्यांच्या त्वचेवर येतो आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर अगदी थोड्या संख्येने जन्मभर निमूट राहतो. पिल्लाची प्रतिकारशक्ती त्याला आवरू शकली नाही, की त्याची संख्या भरमसाट वाढते, केशकूप फुगतात, केस गळतात आणि पुढे त्यात जिवाणूंचा शिरकाव होतो. सार्कोप्टेस, म्हणजे आपण ज्याला खरजेचा किडा म्हणतो तो, मात्र बाहेरून येतो. त्याची मादी त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात बोगदे कोरते, त्यांत अंडी घालते, आणि अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतचे चक्र साधारण तीन आठवड्यांत पुरे होते.

मुलाच्या बाबतीत एवढ्यावरूनच उत्तर मिळते. कुत्र्याचा डेमोडेक्स माणसाला लागत नाही, आणि घरात दुसरा प्रौढ, धडधाकट कुत्रा असेल तर त्यालाही त्याची भीती नसते. सार्कोप्टेस मात्र कुत्र्याला कुशीत घेणाऱ्याच्या हातावर, पोटावर आणि कमरेशी खाजरे लाल पुरळ उठवतो. कुत्र्यावरचा हा प्रकार माणसाच्या त्वचेत फार काळ टिकत नाही आणि कुत्रा बरा झाला की पुरळही सहसा आपोआप जाते, परंतु त्या पुरळाची चौकशी करणे निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे असते. घरातल्यांपैकी कुणाला खाज आहे का, हा प्रश्न मी कुत्र्याला हात लावण्याआधीच विचारतो.

नुसत्या नजरेने निदान केल्यास फसगत होते. खरजेत खाज पहिल्या दिवसापासून प्रचंड असते, कुत्रा जेवताजेवता थांबून खाजवतो, आणि कानाच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे व छाती-पोटाची खालची बाजू येथे बारीक पुरळ व पिवळसर खपल्या दिसतात. डेमोडेक्समध्ये सुरुवातीला खाज जवळजवळ नसते. डोळ्यांभोवती चष्मा घातल्यासारखे किंवा ओठांच्या कडेला व पुढच्या पायांवर केस नसलेले चट्टे दिसतात. पण केशकूप फुटून त्यात पू झाला की हाच कुत्रा रात्रभर खाजवू लागतो, आणि त्या टप्प्यावर प्रथमच पाहणाऱ्याला ती खरूज वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्या कुत्र्याच्या बाबतीत बहुधा असेच झाले असावे. आधीच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. मात्र पहिल्या इंजेक्शनाआधी स्क्रेपिंगसाठी पाच मिनिटे काढली असती, तर दोन महिने वाचले असते.

डेमोडेक्ससाठीचे स्क्रेपिंग खोल असते आणि लहान जागेतले असते. ताज्या चट्ट्याची कड निवडून तेथील केस कापावेत, त्वचेची घडी चिमटीत घट्ट दाबावी म्हणजे माइट केशकूपातून वर ढकलले जातात, आणि मग धार बोथट केलेल्या दहा नंबरच्या ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब घेऊन केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, केशवाहिन्यांतून रक्ताचा हलका पाझर दिसेपर्यंत खरवडावे. हा पाझर दिसला नाही तर स्क्रेपिंग पुरेसे खोल झालेच नाही, असे धरावे. मिळालेला अंश काचपट्टीवर पॅराफिनमध्ये पसरून वर कव्हरस्लिप ठेवावी, सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घेऊन उजेड कमी करावा आणि दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली काचपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने पाहावी. उजेड कमी करण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण भगभगीत उजेडात डेमोडेक्सचे पारदर्शक शरीर अक्षरशः नाहीसे होते, आणि नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुकांत ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे.

दिसतो तो सिगारसारखा लांबट जीव, सुमारे 0.2 मिलिमीटर लांबीचा, पुढच्या अर्ध्या भागात आखूड पायांच्या चार जोड्या असलेला. त्याची अंडी दोन्ही टोकांना निमुळती असतात, आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अवस्थेला पायांच्या तीनच जोड्या असतात. केवळ "डेमोडेक्स आढळला" असा अहवाल अपुरा आहे. जिवंत किती, मेलेले किती, अंडी व पिल्ल-अवस्था किती आणि कोणत्या जागेवर, हे सारे लिहून ठेवावे लागते. अंडी आणि कोवळ्या अवस्था भरपूर असणे याचा अर्थ संख्या आजही वाढते आहे. एका काचपट्टीवर एकच माइट दिसला तर तो निरोगी कुत्र्यावरचा असू शकतो, अशी पळवाट पुष्कळ जण काढतात; प्रत्यक्षात निरोगी कुत्र्यांवर ते इतके विरळ असतात की खरवडण्यात एखादा जरी सापडला तरी आणखी तीन-चार ठिकाणी खरवडून पाहावे, हे उत्तम. पापण्यांजवळ आणि बोटांच्या बेचक्यांत ब्लेड चालवणे अवघड असते, तेथे चिमट्याने पन्नासेक केस मुळासकट उपटून पॅराफिनमध्ये त्यांची मुळे पाहावीत. काही महाविद्यालयांत अजूनही दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नमुना विरघळवण्याची सवय आहे. त्याने चित्र स्वच्छ होते, पण माइट मरतात, आणि उपचारादरम्यान जिवंत-मृत हा फरकच तर पाहायचा असतो.

डेमोडेक्सचा त्रास असलेल्या कुत्र्यात नीट खोल घेतलेल्या चार-पाच स्क्रेपिंगमध्ये तो सहसा सापडतोच. अपवाद म्हणजे शार-पेसारख्या जाड त्वचेच्या जाती आणि सुजून घट्ट झालेले पंजे, जेथे त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो. म्हणून डेमोडेक्सच्या बाबतीत "दिसला नाही" या उत्तरालाही बरेच वजन आहे. सार्कोप्टेसच्या बाबतीत ते नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातला हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. खरजेतली खाज ही मुख्यतः माइटच्या विष्ठेविरुद्ध व लाळेविरुद्ध उठलेली अ‍ॅलर्जी असते, त्यामुळे अंगावर मोजके दहा-वीस माइट असतानाही कुत्रा स्वतःला सोलून काढतो. ते दहा-वीस ब्लेडखाली येणे हा नशिबाचा भाग असतो. खरूज असलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिकांत स्क्रेपिंग रिकामे निघू शकते.

यासाठी खरजेचे स्क्रेपिंग वेगळ्या रीतीने करतात: उथळ, पण विस्तीर्ण. खाजवून न फोडलेले पुरळ आणि खपल्या असलेली कानाची कड, कोपर व घोटा निवडावा, भरपूर पॅराफिन लावून तळहाताएवढ्या भागावरून ब्लेड फिरवावे, आणि निदान आठ-दहा जागांचा ऐवज गोळा करावा. सार्कोप्टेस गोल, कासवासारखा दिसतो, पाय आखूड, आणि पुढच्या पायांच्या टोकांना लांब दांड्यावर बसवलेले चूषक असतात. पूर्ण माइट न मिळता एखादे लंबगोल अंडे किंवा तपकिरी विष्ठेचे कण मिळाले, तरी निदान पक्के समजावे. खपल्या फार असतील तर मात्र वर नावे ठेवलेले तेच पोटॅशियम हायड्रॉक्साइड कामाला येते: सगळा ऐवज त्यात कोमट करून विरघळवावा, सेंट्रिफ्यूज करावा आणि साखरेच्या संपृक्त द्रावणावर तरंगून आलेला भाग पाहावा.

स्क्रेपिंग रिकामे निघाल्यास एक साधी चाचणी उपयोगी पडते. कानाची पाळी दुमडून तिची कड तिच्याच आतल्या भागावर पाचेक सेकंद चोळली असता कुत्रा त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलवू लागतो. खरजेच्या बहुसंख्य कुत्र्यांत ही प्रतिक्रिया मिळते. गेल्या वर्षी माझ्याकडे चार वर्षांचा एक देशी कुत्रा आला, ज्याला सहा महिने अन्नाची अ‍ॅलर्जी म्हणून निरनिराळे खाद्य चालू होते. तीन वेळच्या स्क्रेपिंगमध्ये काहीही सापडले नव्हते, पण कानाची प्रतिक्रिया ठळक होती आणि मालकीणबाईंच्या दोन्ही हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूस, पुरळ होते. स्क्रेपिंग चौथ्यांदा न करता मी सरळ खरजेचा उपचार दिला. पहिला आठवडा खाज तशीच राहिली, तिसऱ्या आठवड्यात कुत्रा रात्रभर झोपू लागला, आणि बाईंचे पुरळही मावळले. खरजेत उपचाराला मिळालेला प्रतिसाद हाच पुष्कळदा निदानाचा पुरावा ठरतो. डेमोडेक्समध्ये असा आंधळा उपचार करण्याची गरजही नसते आणि समर्थनही नसते, कारण तेथे माइट दाखवता येतो.

आता आपल्या चार इंजेक्शनांकडे येऊ. खरजेसाठी आयव्हरमेक्टिन दर किलोला 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम या प्रमाणात, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने काही वेळा देतात. आपल्या 22 किलोच्या कुत्र्याला 0.2 प्रमाणे आठवड्याला 4.4 मिलिग्रॅम मिळाले असतील. डेमोडेक्ससाठी हेच औषध तोंडावाटे, दररोज, दर किलोला 0.3 ते 0.6 मिलिग्रॅम द्यावे लागते, 0.4 धरले तर दिवसाला 8.8 आणि आठवड्याला 61.6 मिलिग्रॅम, म्हणजे चौदापट. आठवड्यातून एकदाच दिलेल्या त्या लहान मात्रेचा रक्तातला अंश काही दिवसांत ओसरतो आणि केशकूपातल्या माइटना पुन्हा वाढण्यास मोकळीक मिळते. खरूज असती तर चार इंजेक्शनांत ती बरी झाली असती किंवा निदान निम्म्यावर आली असती. म्हणजे उपचार निष्फळ ठरला हीच गोष्ट दुसऱ्या डॉक्टरांच्या निदानाला दुजोरा देते. हे आकडे मी कारण कळावे म्हणून दिले आहेत; जनावरांच्या दुकानातून बाटली आणून घरी मोजण्यासाठी ते नाहीत. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांसारख्या मेंढपाळ जातींत आणि त्यांच्या संकरात एका जनुकातील दोषामुळे हे औषध मेंदूत शिरते, आणि बाहुल्या विस्फारणे, झोकांड्या, लाळ, थरथर येथपासून बेशुद्धीपर्यंत मजल जाते. लॅब्रॅडॉरमध्ये हा धोका सहसा नसतो, तरीही दररोजची मात्रा 0.05 पासून सुरू करून, रोज कुत्र्याची चाल आणि डोळे पाहत चढवावी लागते.

खाजेच्या गोळ्या हा या प्रकरणातला अधिक गंभीर भाग आहे. खरजेत निदान पक्के झाल्यावर चार-पाच दिवस अल्प मात्रेत स्टेरॉइड दिल्यास कुत्र्याला आराम पडतो आणि नुकसान होत नाही. डेमोडेक्समध्ये मात्र, ज्या प्रतिकारशक्तीच्या उणिवेमुळे माइट माजले तिलाच स्टेरॉइड आणखी दाबते, आणि चार चट्ट्यांवर थांबला असता असा आजार अंगभर पसरतो. "दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच" हे आपले वाक्य त्याचेच वर्णन आहे. गोळ्या मधूनमधून दोन-तीन दिवस दिल्या असतील तर त्या तत्काळ बंद कराव्यात. सलग काही आठवडे चालू असतील तर एकदम न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवत बंद कराव्यात.

आपल्या कुत्र्यासाठी मी आज निवडेन ते औषध आयसॉक्साझोलीन गटातले: फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर किंवा लोटिलानर यांपैकी जे मिळेल ते. गोचिडांसाठी विकल्या जाणाऱ्या याच चघळण्याच्या गोळ्या डेमोडेक्स आणि सार्कोप्टेस दोन्हींवर प्रभावी ठरतात, मेंढपाळ जातींनाही त्या चालतात, आणि फ्लुरालानर बारा आठवड्यांनी तर बाकीच्या दरमहा द्यायच्या असल्याने मालकाची चुकामूकही कमी होते. फ्लुरालानर आणि लोटिलानर भरल्या पोटी द्यावे, अन्यथा ते पुरेसे शोषले जात नाही. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर मात्र हा गट टाळावा, कारण या औषधांनी काही कुत्र्यांत झटके आल्याच्या नोंदी आहेत. "दोन्हींना औषध एकच" हे वाक्य या गटापुरते खरे आहे, पण तेथेही खरजेत एक-दोन मात्रांत काम संपते आणि घरातल्या सर्व कुत्र्यांना, खाजवत नसले तरी, औषध द्यावे लागते, शिवाय अंथरूण गरम पाण्याने धुवावे लागते. डेमोडेक्समध्ये फक्त आजारी कुत्र्याला औषध, पण महिनोन्महिने. ही गोळी परवडत नसेल तर वर सांगितलेले रोजचे आयव्हरमेक्टिन हा दुसरा मार्ग आहे. अमिट्राझचे पाणी हा जुना उपाय प्रभावी आहे, परंतु त्यासाठी सगळे केस कापावे लागतात, दोन धुण्यांच्या दरम्यान कुत्रा भिजता कामा नये, आणि मधुमेह किंवा दमा असलेल्या माणसाने ते हाताळू नये. लहान मुलाच्या घरात तो माझा शेवटचा पर्याय असेल. जळके इंजिन ऑइल आणि रॉकेल मात्र कोणत्याही लुतीत लावू नये. कुत्रा ते चाटतो, आणि भाजलेल्या त्वचेखाली माइट सुखरूप राहतात.

पोटाजवळच्या चट्ट्यांत पुळ्या किंवा ओल असेल तर तेथून काचपट्टीचा ठसा घेऊन जिवाणू पाहावेत. वरवरच्या संसर्गाला क्लोरहेक्सिडिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या शाम्पूने आठवड्यातून एक-दोन वेळा धुणे पुरते. खोल गळवे आणि ताप असेल तरच तोंडावाटे अँटिबायोटिक. जंतांचे औषध आणि आहार तपासावा. कुत्रा सहा वर्षांचा असता तर मी कुशिंग, थायरॉइड किंवा दडलेला कर्करोग शोधला असता. दहा महिन्यांच्या पिल्लात मूळ बहुतेक वेळा आनुवंशिक असते.

औषध कधी थांबवायचे, हे केसांवरून ठरत नाही, आणि बहुतेक उपचार येथेच फसतात. दोन वर्षांपूर्वीची एक बॉक्सर कुत्री सांगतो: वय अकरा महिने, वजन 19 किलो, चट्टे तोंड, मान आणि चारही पंजांवर. पहिल्या दिवशी पाच ठिकाणी खरवडले. ओठाच्या कडेच्या एका काचपट्टीवर 31 प्रौढ, 7 कोवळ्या अवस्था आणि 12 अंडी होती. दरमहा अफॉक्सोलानर सुरू केले. महिन्याने त्याच पाच जागांवर मिळून चार प्रौढ सापडले, त्यांपैकी तीन मेलेले, आणि अंडी एकही नाही. दुसऱ्या महिन्याअखेर केस जवळपास पूर्ण आले होते आणि मालकांनी आता पुरे म्हटले, पण डाव्या पुढच्या पंजात एक मेलेला माइट मिळाला. मेलेलाही मोजायचा असतो. स्क्रेपिंग रिकामे म्हणजे जिवंत, मृत, अंडे, काहीच नाही. तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात पाचही जागा रिकाम्या निघाल्या, त्यापुढे आणखी एक महिना औषध चालू ठेवले आणि पाचव्या महिन्याअखेर थांबवले. मधल्या काळात तिचे अंडाशय व गर्भाशय काढून टाकले, कारण माजाच्या दिवसांत हा आजार उलटतो आणि तिची पिल्ले वाढवणे योग्यही नव्हते. उलटण्याची शक्यता औषध थांबवल्यावरच्या पहिल्या बारा महिन्यांत सर्वाधिक असते, म्हणून मी तिला वर्षभराने पुन्हा बोलावले आणि त्याच डाव्या पंजात खरवडले. काचपट्टीवर थोडे रक्त, थोडे केस आणि हवेचे दोन-तीन बुडबुडे होते. माइट एकही नव्हता.